पाळीतला जास्त रक्तस्राव आणि ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड

प्रश्न: निपाणीची माझी बहीण 38 वर्षांची आहे. पाळीत फार रक्त जाते. बाळंतपणानंतर तिच्या पायाच्या शिरेत गुठळी झाली होती. जावेला दिलेली ट्रॅनेक्सॅमिकची गोळी तिने घ्यावी का?

उत्तर: नाही, ताईंनी ती घेऊ नये. रक्तस्राव थांबवण्यासाठी शरीर फायब्रिनच्या धाग्यांची गुठळी बांधते आणि रक्तातले प्लाझ्मिन नावाचे विकर ती हळूहळू विरघळवते. हे औषध ते विरघळणे रोखते, म्हणून गर्भाशयातला स्राव कमी होतो. पण औषध रक्तातून सगळीकडे पोहोचते. पायाच्या शिरेत पुन्हा गुठळी धरली, तर तीही विरघळण्याऐवजी वाढू शकते आणि तिचा तुकडा फुप्फुसात जाऊन जिवावर बेतू शकते. गुठळी जुनी असली, तरी ही मनाई उठत नाही.

जावेची गोष्ट वेगळी आहे. अशी मनाई नसलेल्या स्त्रीला साधारणपणे 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, जास्त स्राव सुरू झाल्यापासून फार तर चार दिवस देतात. पाळीआधी घेऊन उपयोग नाही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांसोबत ती टाळतात.

ताईंना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि गुठळीच्या वेळचे डॉपलर तपासणीचे कागद सोबत असू द्या, कारण घाईत हीच गोष्ट सांगायची राहते. हिमोग्लोबिन व सोनोग्राफी पाहून गर्भाशयात बसवायच्या लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणाऱ्या कॉइलचा विचार होऊ शकतो. त्यांनी गोळी आधीच घेतली असेल आणि एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर गोळी बंद करून तडक दवाखाना गाठा.