सीमाभागात मराठी आणि कन्नडमध्ये सारखेच, पण वेगळ्या अर्थाचे शब्द कोणते? दुकानात त्यामुळे गोंधळ होतो का?

होतो, पण तो बहुधा बाहेरून गेलेल्यांचा होतो. मी नागपूरचा आणि माझी सासुरवाड निपाणीची, त्यामुळे या विषयावर आमच्या घरात अनेक वर्षे वाद चालू आहे.

आम्ही गाणगापूरला दर्शनासाठी गेलो असताना माझ्या मामींनी देवळाजवळच्या दुकानातील वयस्कर बाईंना विचारले, "केळी काय भाव?" बाईंनी "कायी?" म्हणत नारळ पुढे केला. कन्नडमध्ये ‘कायी’ म्हणजे कच्चे फळ, आणि देवाच्या दारात कायी म्हटले की नारळच समजला जातो. मामी म्हणाल्या, "नारळ नको हो, केळी द्या, केळी!" त्यावर बाई हसून म्हणाल्या, "केळ्री, केळ्री." मामींना वाटले की बाई केळी असल्याचे सांगतात, पण देत मात्र नाहीत. वास्तविक ‘केळु’ म्हणजे ऐकणे किंवा विचारणे, शेवटचा ‘री’ उत्तर कर्नाटकात आदरासाठी लागतो, आणि बाई अगत्याने "विचारा ना" असे म्हणत होत्या. राहिला ‘भाव’, तर कन्नडमध्ये त्याचा एक अर्थ बहिणीचा नवरा असा आहे. अखेर माझ्या पत्नीने "बाळेहण्णु" म्हटले, तेव्हा फणी आली.

हे तीन शब्द नुसते कानाला सारखे लागतात. आपण ‘काय’ आणि ‘भाव’ यांतला शेवटचा स्वर गिळतो, तर कन्नड माणूस तो उच्चारतो. त्यावरून फरक ओळखता येतो. खरोखर दोन्हीकडे असलेले, संस्कृतातून आलेले शब्द अधिक फसवे असतात, कारण तेथे शब्द मुळात एकच असतो, अर्थ मात्र वेगळा. दुकानदार ‘अवसर’ म्हणाला, तर तो संधीबद्दल नव्हे, घाईबद्दल बोलत असतो. ‘बत्ती’ मागितली, तर तो दिवा नव्हे, वात देईल.

नागपूरला परतल्यावर मामींनी "सीमेवरच्यांना धड मराठी येत नाही आणि धड कन्नडही येत नाही" असा निर्वाळा दिला. तो मला तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही. माझी सासू एकाच वाक्यात गिऱ्हाइकाशी मराठी आणि हमालाशी कन्नड बोलते, आणि दोहोंतला एकही शब्द चुकत नाही. आपल्या नागपुरात हिंदी भाषक ‘शिक्षा’ म्हणतो तेव्हा त्याला शिक्षण म्हणायचे आहे, हे आपण क्षणात ओळखतो. त्याबद्दल आपल्या मराठीला कोणी अर्धवट म्हणत नाही. कन्नडमध्ये तर ‘शिक्षे’ म्हणजे मराठीप्रमाणेच दंड.

निपाणी किंवा बेळगावच्या बाजारात बहुतेक दुकानदारांना मराठी समजते, तेव्हा एवढी काळजी नको. कर्नाटकात आणखी आत गेलात, तर मात्र भाव विचारण्याऐवजी वस्तूकडे बोट दाखवून "एष्टु?", म्हणजे "किती?", असे विचारा.