पसायदानातलं ‘पाहो’ म्हणजे बघणं नव्हे

‘पसायदानात «विश्व स्वधर्मसूर्यें पाहो» म्हणताना मी नेहमी «जगाने सूर्य बघावा» असाच अर्थ घेत आले. आमच्या फोंड्याच्या भजनी मंडळातले एक काका म्हणाले, तसा नाही. मग कसा? आणि «पाहो», «लाहो» ही रूपं कुठली?’

काकांचं बरोबर आहे, आणि ते ‘सूर्यें’वरच्या अनुस्वारातच दिसतं. हा तृतीयेचा प्रत्यय, म्हणजे ‘सूर्याने’. पहिल्याच ओवीतलं ‘देवें’ म्हणजे देवाने, ‘वाग्यज्ञें’ म्हणजे वाग्यज्ञाने, तसंच हे. सूर्य ही बघायची वस्तू असती, तर तिथे ‘सूर्य’ किंवा ‘सूर्यातें’ आलं असतं.

मग सूर्याने विश्वाचं काय व्हावं? जुन्या मराठीत ‘पाहणें’ या क्रियापदाचा ‘उजाडणे’ असाही अर्थ होता. आपला ‘पहाट’ शब्द त्याच कुळातला. ओवीची सुरुवात बघा: ‘दुरितांचें तिमिर जावो’. आधी अंधार जातो, मग उजाडतं. ‘त्या सूर्याच्या उजेडात विश्वाने पाहावं’ असा अर्थ काही जण लावतात. व्याकरण त्याच्या आड येत नाही, पण अंधारापाठोपाठ उजाडणंच मला पटतं.

आता प्रत्यय. ‘-ओ’ हा इच्छा सांगणारा, धातूला सरळ लागणारा. आज तो ‘देव तुझं भलं करो’, ‘यश मिळो’ अशा ठरावीक बोलांतच उरलाय. आपल्या कोंकणीत ‘देव बरें करूं’ म्हणतो, तिथेही क्रियापदातून इच्छाच बोलते, प्रत्यय तेवढा निराळा. शंका आली की ‘-वा/-वी/-वे’ लावून बघायचं: जावो म्हणजे जावं, वाढो म्हणजे वाढावी, पाहो म्हणजे उजाडावं. ‘लाहो’त मात्र धातूच आता वापरात नाही. लाहणें म्हणजे मिळवणं. ‘जो जें वांछील तो तें लाहो’: ज्याला जे हवं ते त्याला मिळावं.

‘खळांची व्यंकटी सांडो’मध्ये फसायला होतं, कारण शब्द ओळखीचा वाटतो. आज दूध सांडतं, पाणी सांडतं. तिथे मात्र सांडणं म्हणजे टाकून देणं, गळून पडणं, आणि व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. आपल्याला हे पटकन कळायला हवं, कारण कोंकणीत पैसे ‘सांडले’ म्हणजे हरवले. हातून सुटण्याचा जुना अर्थ तिथे टिकलाय.

पुढे ‘ते सर्वांही सदा सज्जन । सोयरे होतु’ येतं. तिथे पुष्कळ जण ‘होतो’ म्हणून जातात. हा ‘-तु’सुद्धा इच्छेचाच आहे: ते सज्जन सगळ्यांचे सोयरे होवोत. ‘होतो’ म्हटलं की मागणं जातं आणि नुसती माहिती उरते, म्हणून मंडळात तेवढा उकार नीट उच्चारून घ्या.