निष्काम कर्म आणि कर्तव्यवाद : सोडायचं नेमकं काय?

प्रश्न : यूपीएससीच्या नीतिशास्त्राच्या पेपरसाठी आमच्या गावच्या अभ्यासिकेत उत्तरं लिहून पाहतो. ‘निष्काम कर्म म्हणजे परिणामाचा विचार न करता केलेलं कर्तव्य, म्हणजेच कांटचा कर्तव्यवाद’ असं लिहिलं, तर मित्राने ‘म्हणजेच’वर काट मारली. काय चुकलं? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : मी ‘परिणामाचा विचार न करता’ हेही खोडलं असतं. पुढचा परिणाम, नुकसान, हिंसा आणि आपली कुवत न पाहता मोहाने सुरू केलेल्या कर्माला गीता (१८.२५) चक्क तामस म्हणते. लगेच पुढच्या श्लोकातला सात्त्विक कर्ता आसक्ती सोडलेला आहे, पण धीर आणि उत्साह त्याच्यात आहे. उत्साही माणूस बेफिकीर कसा असेल? सुटायला हवी ती फळावरची आसक्ती.

तुमच्याच भागातलं उदाहरण घ्या. अतिवृष्टीनंतर तलाठी सोयाबीनच्या वावरात पंचनाम्याला उभा आहे. मदतीसाठी किमान ३३ टक्के नुकसान लागतं, इथे दिसतंय वीसेक. धुऱ्यावरून शेतकरी म्हणतो, ‘‘साहेब, तेहतीस टाका ना, तुमचं काय जाते?’’

कांट (१७८५) विचारेल, ‘अडचण असली की नुकसान वाढवून लिहावं’ हा नियम सगळ्यांनी पाळला तर? मग पंचनाम्यावर कोणी विश्वासच ठेवणार नाही आणि वाढवून लिहिण्यातही अर्थ उरणार नाही. नियम स्वतःच कोसळतो, म्हणून वीसच लिहायचं. हे लिहिताना तलाठी मनातून चरफडत असला तरी केवळ कर्तव्य म्हणून लिहीत असेल, तर कांटच्या लेखी त्याच्या कृतीचं नैतिक मोल कमी होत नाही.

गीतेच्या वाटेनेही तो वीसच लिहील, पण तेवढ्याने भागत नाही. कर्तव्य इथे स्वधर्मातून, म्हणजे आपल्या वाट्याला आलेल्या भूमिकेतून येतं आणि नजर लोकसंग्रहावर, म्हणजे सगळ्या समाजाच्या भल्यावर असते (३.२०, ३.२५). म्हणून तो वेळेत वावरात पोचेल, नीट पाहील, शेजारच्या वावरात खरंच चाळीस टक्के गेलं असेल तर ते सुटू देणार नाही. ‘साहेब चांगले’ ऐकायची हौस नाही, बदलीची धास्ती नाही. वर फाइल अडकली म्हणून पुढचा पंचनामा तो उरकून टाकणार नाही. हे समत्व (२.४८) निष्काम कर्माचा गाभाच आहे. कांटच्या कसोटीत मनाच्या या स्थितीला तशी जागा नाही.

साम्य खरं आहे, पण ते हेतूपुरतं : दोघेही लाभासाठी केलेल्या कर्माला खालचं मानतात. दीडशे शब्दांत एवढं साम्य एका वाक्यात उरका आणि उरलेली जागा कर्तव्याचा उगम व समत्व या दोन फरकांना द्या. ‘म्हणजेच’च्या जागी ‘हेतूच्या बाबतीत जवळचा’ चालेल. आणि ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ लिहिणार असाल तर श्लोकाचा शेवटचा चरणही लिहा, ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’. काहीच न करण्याचीही ओढ नको, हे त्यातच आहे आणि बहुतेक उत्तरांत नेमकं तेच गळतं.