पहारेकरी खेळाडूला किती वेळात ओळखतो?

प्रश्न: पणजीच्या फोंतेन्याससारख्या गल्ल्यांमध्ये लपतछपत पुढे सरकायचा स्टेल्थ गेम बनवतोय. खेळाडू पहारेकऱ्याच्या नजरेच्या कोनात शिरला की लगेच पकडला जातो. मोठे गेम हे कसं मोजतात?

दिसला की पकडला असं न करता संशयाचं मीटर ठेवा. कोन फक्त ते भरायला सुरुवात करतो. दर तपासणीत आधी अंतर, मग कोन आणि शेवटी भिंत आड येते का हे रेकास्टने, म्हणजे पहारेकऱ्याच्या डोळ्यापासून खेळाडूपर्यंत सरळ रेघ टाकून बघा, कारण रेकास्ट सगळ्यात महाग. समजा नजर १२ मीटर आणि कोन ९० अंश आहे. १० मीटर अंतरावर संशयाचं मीटर भरायला ४ सेकंद द्या, ३ मीटरवर अर्धा सेकंद. अंधारात वेग निम्मा. अर्ध्यावर पहारेकरी थबकून बघायला येतो, पूर्ण भरलं की पाठलाग. मीटर उतरताना मात्र सावकाश उतरवा, नाहीतर खांबाआड ये-जा करणाऱ्या खेळाडूमुळे पहारेकरी सारखा अवस्था बदलत राहतो.

आवाजाचं अंतर सरळ रेषेत मोजू नका. शेजारच्या गल्लीतलं पाऊल भिंतीपलीकडून ३ मीटरवर असेल, पण वळसा २० मीटरचा. १९९८ च्या ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’मध्येही आवाज खोल्या-दारांच्या वाटेने पोचतो. आवाजाने पहारेकऱ्याला फक्त जागा कळू द्या, खेळाडू नव्हे.

मी गेम प्रोग्रॅमिंग करतो, त्यातून हे सांगतोय. आकडे सुरुवातीपुरते धरा. अरुंद गल्लीत १२ मीटर नजर जाचक ठरेल. आणि रेकास्ट डोकं, छाती, पाय अशा तीन जागी मारा, नाहीतर बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, कठड्यामागे उभा असलेला खेळाडू अदृश्य होईल.