बाळाचे नवे कपडे घालण्याआधी धुवायलाच हवेत का? आणि कोणतं माइल्ड डिटर्जंट घ्यावं म्हणजे रॅश येणार नाही?

धुवायलाच हवेत. कोऱ्या कापडात खळ असते, जास्तीचा रंग असतो, चुरगळू नये म्हणून काही कापडांवर फॉर्मल्डिहाइडचं रेझिन चढवलेलं असतं आणि शिवणाऱ्यापासून दुकानदारापर्यंत दहा हात लागलेले असतात. एका धुण्यात यातलं बरंच निघून जातं. वाद एवढ्यावर संपायला हवा होता, पण आमच्या घरात तो अजून संपलेला नाही, म्हणून लिहितेय.

माझी मुलगी २०१६ च्या मार्चअखेरीला झाली, लातूरला. लातूरकरांना ते साल समजावून सांगायला नको. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आमच्याकडे प्यायला टँकर आणि धुण्याला शेजारच्या बोअरचं पाणी, तेही मोजून. ते इतकं जड की बादली वाळली की कडेला पांढरी रेघ उमटायची.

मी तर हौसेने बाळासाठीचं सौम्य लिक्विड मागवून ठेवलं होतं. झबली, टोपडी, फ्लॅनेलची दुपटी, सगळं बाळ घरी यायच्या आधीच धुऊन घड्या घालून ठेवलेलं. बाटलीवर एक टोपण लिहिलं होतं, मी दोन घालायचे. माइल्ड आहे, म्हणजे जास्त लागणार, असा माझा हिशोब. तरी फेस येईना, मग आणखी थोडं. आणि खळबळायचं एकदाच, कारण दुसरी बादली आणायची कुठून?

बारशाला वन्संनी लालभडक, जरीकाठाचं झबलं आणलं. मी म्हटलं, पटकन धुऊन वाळवते, ऊन आहेच. तर म्हणाल्या, “बारशाला कोरंच घालतात. धुतल्यावर ते नवं कसलं?” कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि घातलं. तासभर होतं अंगावर.

चौथ्या दिवशी पोरीच्या अंगावर लाल, खरखरीत चट्टे. मी म्हटलं झबलं. वन्सं म्हणाल्या, तुझी ती बाटली. सासूबाई म्हणाल्या, उष्णता, तू आंबा खाल्लास. नवरा शाळेत गणित शिकवतो, त्याने नेहमीप्रमाणे कुणाचीच बाजू घेतली नाही.

डॉक्टरांनी आधी चट्टे कुठे आहेत ते बघितलं. पाठ, दोन्ही कुशी, मांड्यांची मागची बाजू. मानेच्या वळ्या स्वच्छ होत्या, म्हणून घामोळं नव्हे. लंगोटाची जागाही स्वच्छ, म्हणून शू-शीचं लागणंही नव्हे. जिथे जिथे दुपटं घट्ट गुंडाळलेलं, तिथेच लाल. त्यांनी विचारलं, दुपटी किती पाण्यातून काढता? मी गप्प. मग म्हणाले, घरी जाऊन एक धुतलेलं, वाळलेलं दुपटं कोमट पाण्यात नुसतं बुडवून बघा.

मी अर्ध्या बादलीत बुडवलं, साबणाचा थेंबही न घालता. हाताने चार वेळा दाबलं, तर पाणी दुधट झालं आणि वर फेसाचं कडं आलं. मी जे ‘स्वच्छ धुऊन’ ठेवलं होतं, त्यातून!

झालं होतं असं की जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं. साबणाच्या वडीशी त्याचा पांढरा, चिकट साका होतो आणि तो धाग्यांना धरून बसतो. लिक्विड डिटर्जंटचा तसा साका सहसा होत नाही, पण त्याचा जोर कमी होतो, फेस येत नाही, आणि फेस नाही म्हणून आपण ओतत राहतो. फ्लॅनेलची लव ते सगळं धरून ठेवते. बाळ घामेजलं की ते पुन्हा ओलं होतं आणि तासन्‌तास कातडीवर घासतं. बाटलीवर सौम्य लिहिलेलं असलं तरी कपड्यात राहिलेलं डिटर्जंट ते डिटर्जंटच. सासूबाईंनी जुन्या सुती साडीच्या फाडलेल्या लंगोटांनी मात्र काहीच झालं नाही. त्यातली खळ वर्षांपूर्वीच निघून गेलेली, आणि त्या धुवायच्याही अगदी बोटभर साबणात.

म्हणून ‘कोणतं’ हे मी तुम्हाला सांगणार नाही. बिनवासाचं, पाण्यात पूर्ण विरघळणारं कुठलंही साधं लिक्विड घ्या. ‘बेबी’ या शब्दाचे पैसे वेगळे लागतात. किती घालता आणि किती वेळा खळबळता, ते बघा. सात-आठ लहान कपड्यांना अर्धी बादली पाणी आणि एक चहाचा चमचा लिक्विड पुरतं. फेसाची वाट बघू नका.

पाण्याचा प्रश्न शेवटी नवऱ्याने सोडवला, बाजू न घेता. कपडे पिळल्यावर त्यांत समजा एक लिटर साबणाचं पाणी राहिलं. त्यावर १२ लिटर एकदम ओतून पिळलं तर साबणाचा तेरावा हिस्सा उरतो. तेच १२ लिटर चार-चार करून तीन वेळा वापरले, दर वेळी घट्ट पिळलं, तर सव्वाशेवा हिस्सा उरतो. प्रत्यक्षात धाग्यात चिकटलेलं इतकं शहाण्यासारखं निघत नाही, पण फरक दिसतोच. पाणी तेवढंच. सगळी दुपटी तशी पुन्हा धुतली, पाच-सहा दिवसांत चट्टे गेले.

मशीन असेल तर ते अर्धंच भरा आणि जादा रिन्स लावा. कपडे कडक झाले असतील तर दुसऱ्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घाला, साका सुटायला मदत होते. ब्लीचसोबत मात्र कधीच नाही. सॉफ्टनर नको, तो कपड्यात राहण्यासाठीच बनवलेला असतो. शेवटच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतणाऱ्या आज्याही मला माहीत आहेत. तेही नको, कडक ऊन पुरे.

आता हे आधी सांगायला हवं होतं: प्रत्येक लाली कपड्यांची नसते. पहिल्या आठवड्यात काही ठिपके आपोआप येतात आणि जातात. पू, ताप किंवा बाळ दूध ओढेना असं झालं तर बादलीत दुपटं बुडवत बसू नका, दवाखाना गाठा. आणि डांबरगोळ्या घातलेल्या ट्रंकेतले जुने कपडे बाळाला नकोच. काही बाळांत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. त्यांच्या लाल पेशी त्या गोळ्यांच्या नॅफ्थलीनने फुटतात आणि कावीळ वाढते. आपल्या बाळात ते कमी आहे की नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

तर दुपट्यांचं मी चुकले, हे मान्य. वन्संना अजून सांगितलेलं नाही. कारण बारशानंतर ते झबलं मी भिजत घातलं, तेव्हा पहिलं पाणी लाल, दुसरं लाल, तिसरं गुलाबी निघालं. ती पहिली बादली मी वन्सं घरी येईपर्यंत ओतली नव्हती. त्या टंचाईत, दोन दिवस.