कारण पान चारवर आहे

"सर, मेकॅनिकलचा डिप्लोमा करून एका कारखान्यात सेफ्टी विभागात ट्रेनी आहे. साहेबांनी अपघाताचा सहा पानी रिपोर्ट दिला आणि कारण, परिणाम, उपाय, जबाबदार व्यक्ती असा एक पानाचा सारांश मागितला. मी 'कारण: ऑपरेटरचा निष्काळजीपणा' लिहिलं, तर 'कारण कुठे आहे?' असा शेरा मारून परत आला. रिपोर्टात तर तेच लिहिलंय. नावं खोडून रिपोर्ट सोबत पाठवतोय."

साहेबांचा शेरा बरोबर आहे. कारण रिपोर्टातच आहे, पण पान चारवर, मेंटेनन्सच्या जबाबात. अडकलेला बॉक्स काढायला ऑपरेटरने कन्व्हेअरचं गार्ड उघडलं. तेव्हाच पट्टा थांबायला हवा होता, तो थांबला नाही आणि बोट रोलरमध्ये गेलं. का थांबला नाही? गार्ड उघडताच पट्टा थांबवणारा सेफ्टी स्विच वायर जोडून बायपास केला होता. का? धुळीने तो उगाच ट्रिप व्हायचा आणि नवा स्टोअरमध्ये नव्हता. मग तात्पुरती वायर दोन आठवडे तशीच कशी राहिली? बायपास करायला तिथे ना परवानगी लागते, ना त्याची नोंद होते. हे झालं मूळ कारण. लाइन बंद न करता हात घातला हेही खरं, ते लपवू नकोस. पण सारांश तिथेच थांबला, तर उद्या दुसऱ्या ऑपरेटरचा हात तिथेच जाईल.

परिणाम दोन ओळींत उरक: बोटाला फ्रॅक्चर, लाइन साडेतीन तास बंद. फक्त एक भर घाल, की ते दोन आठवडे प्रत्येक पाळी गार्डच्या भरवशावर उघड्या धोक्यात काम करत होती. रिपोर्ट लिहिणाऱ्यांना हे सुचलेलं दिसत नाही.

उपायांत "ऑपरेटरला समज दिली" पहिलं आहे, ते खाली ने. बायपास काढून स्विच बदलला, ही तात्काळ दुरुस्ती. धूळ आत न शिरणारा स्विच, बायपाससाठी लेखी परवानगी आणि मुदत, बाकीच्या कन्व्हेअरच्या स्विचची तपासणी, हे कायमचे उपाय. दोन्ही वेगळे लिही, नाहीतर स्विच बदलला की सगळं संपलं असं वाटतं.

"जबाबदारी: मेंटेनन्स विभाग" असं लिहू नकोस. विभागाला फोन करून "झालं का?" विचारता येत नाही. प्रत्येक उपायापुढे एकच माणूस, तारीख आणि काम झाल्याचा पुरावा हवा. फॉलोअप मात्र काम करणाऱ्याकडे नको, दुसऱ्याकडे दे. त्याने महिन्याभराने कागद न बघता, हात लांब ठेवून, चालू लाइनवर गार्ड उघडावं आणि पट्टा थांबतो का ते पाहावं. रिपोर्टात एखाद्या उपायापुढे नाव नसेल तर मनाने टाकू नकोस. "ठरलेलं नाही" असं लिही आणि सारांश देतानाच साहेबांकडून नाव घे.