वीज आधी, गडगडाट नंतर का?

"ताई, वीज चमकते तेव्हाच गडगडाट का ऐकू येत नाही? नंतर का येतो?"

प्रिय चिनू,

दोन्ही एकाच क्षणी जन्मतात. वीज ज्या वाटेने जाते तिथली हवा क्षणात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअस तापते आणि स्फोटासारखी फुगते. तोच गडगडाट. फरक पडतो तो प्रवासात. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे तुला तो लगेच दिसतो. आवाज मात्र हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटरच सरकतो, एका किलोमीटरला जवळजवळ ३ सेकंद.

म्हणून वीज दिसताच सेकंद मोजायला लाग. ९ सेकंदांनी आवाज आला तर ९ भागिले ३, वीज सुमारे ३ किलोमीटरवर होती. आवाज लांबत, घुमत का येतो? विजेची वाट कित्येक किलोमीटर लांब असते. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी पोहोचतो, दूरच्या टोकाचा मागून. मला यातला हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

साधारण १५-२० किलोमीटरपलीकडची वीज नुसती दिसते, आवाज वर वळून जातो. पण अंतर ३० सेकंदांहून कमी भरलं, तर मोजणं सोडून आधी घरात जा.

तुझी ताई